अडतीस नग, दोन गाड्या आणि एक पत्र: घरसामानाच्या नुकसानभरपाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरहून पुण्याला बदली झालेल्या एका नोकरदार बाईंचं हे प्रकरण आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तारखा, आकडे आणि पत्रातला मजकूर मात्र ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

दोन खोल्यांच्या घराचं सामान होतं. पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीने व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवलं: पॅकिंग, चढवणं, वाहतूक आणि उतरवणं मिळून ३२,००० रुपये, शिवाय सामानाच्या ३ लाख रुपये जाहीर किमतीवर ३ टक्के 'विमा', म्हणजे आणखी ९,०००. एकूण ४१,००० रुपये, कर धरून. कोटेशनमध्ये दोन ओळी अशा होत्या की पुढे सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं राहिलं. एक, 'स्वतंत्र गाडी, थेट डिलिव्हरी'. दुसरी, 'पोच ५ ते ६ दिवसांत'.

२८ मे रोजी २,००० रुपये देऊन बुकिंग झालं. १ जूनला सामान भरलं गेलं आणि त्या वेळी २४,००० दिले. उरलेले १५,००० पुण्यात द्यायचे ठरले. बाई तोवर पुण्यात रुजू झाल्या होत्या, त्यामुळे नागपूरच्या घरी पॅकिंगच्या वेळी सासरे एकटेच होते. पॅकिंग लिस्टवर ३८ नग लिहिले गेले. सासऱ्यांनी ती वाचून पाहिली नाही, सही केली. पण सवयीने एक गोष्ट त्यांनी केली: गाडी निघताना नंबरप्लेट दिसेल असा तिचा फोटो काढून सुनेला पाठवला, 'गाडी निघाली' एवढाच निरोप लिहून. संपूर्ण प्रकरणात या फोटोइतकं कामाला दुसरं काही आलं नाही.

अडचण: वीस दिवस आणि एक कमी नग

७ जूनपर्यंत सामान यायला हवं होतं. ९ तारखेला कंपनीने सांगितलं, गाडी रस्त्यात आहे. १२ तारखेला सांगितलं, ई-वे बिलासाठी चेकपोस्टवर अडवली आहे. हे ऐकूनच बाईंना शंका आली, आणि ती रास्त होती. ई-वे बिल हा माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा कागद. वापरलेलं घरगुती सामान त्याच्या सक्तीतून वगळलेलं आहे, त्यामुळे नुसत्या घरसामानाची गाडी त्या कारणाने अडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. गाडीत दुसऱ्या कुणाचा व्यापारी माल असेल, तर मात्र येतो.

झालं तेच होतं. सामान नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामात उतरवलं गेलं, इतर गिऱ्हाइकांच्या मालाबरोबर मोठी गाडी भरेपर्यंत पडून राहिलं, मग भिवंडीच्या गोदामात गेलं आणि तिथून छोट्या गाडीने पुण्याला आलं. धंद्याच्या भाषेत याला 'क्लब लोड' किंवा 'पार्ट लोड' म्हणतात. यात गैर काही नाही, गिऱ्हाइकाला तसं सांगून स्वस्त दर लावला असेल तर. थेट गाडीत सामान दोनदा हाताळलं जातं: एकदा चढवताना, एकदा उतरवताना. इथे ते सहा वेळा चढलं-उतरलं, आणि मधल्या चार वेळी घरचं कुणी समोर नव्हतं. मोडतोड बहुतेक तिथेच होते. घरातून उचलताना हमाल सांभाळून उचलतात, कारण मालक उभा असतो.

२७ जूनला गाडी दारात आली. ठरल्या तारखेपेक्षा वीस दिवस उशिरा.

पहिला निर्णय: दारात

सुपरवायझरने दोन गोष्टी मागितल्या: उरलेले १५,००० रुपये, आणि डिलिव्हरी कॉपीवर सही. पैसे आले की गाडीचा दरवाजा उघडतो, असं त्याचं म्हणणं.

पैसे अडवून धरावेत असं इथे अनेकांना वाटतं. तसं केलं तर गाडी सामानासकट परत जाते, गोदामभाडं लागू होतं आणि भांडण नुकसानभरपाईवरून थकलेल्या भाड्यावर घसरतं. बाईंनी पैसे दिले, पण सुपरवायझरने सांगितलेल्या मोबाइल नंबरावर नाही. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, छापलेल्या कंपनीच्या खात्यात यूपीआयने, शेऱ्यात बिल्टी क्रमांक घालून. हे बरोबर होतं. त्याआधी निदान दरवाजा उघडून नग मोजून घेण्याचा आग्रह धरता आला असता. तो धरला गेला नाही.

सहीच्या बाबतीत त्या जास्त सावध राहिल्या. डिलिव्हरी कॉपीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं आधीच छापलेलं असतं आणि खाली सहीची रेघ. त्यांनी छापील वाक्यावर काट मारून हाताने लिहिलं: '३८ पैकी ३७ नग मिळाले. नग १७ नाही. फ्रिज, कपाट, गादी यांचे नुकसान दिसते. खोके अजून उघडलेले नाहीत, आतील मालाची पाहणी बाकी.' मग वेळ घालून सही केली आणि कागद सुपरवायझरच्या हातात देण्याआधी त्याचा फोटो काढला. सुपरवायझर कुरकुरला, कारण असा शेरा ऑफिसला नेला की त्याच्या हिशेबातून पैसे कापले जातात. 'आतील मालाची पाहणी बाकी' हे शेवटचं वाक्य विसरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फुटलेला निघालेला टीव्ही कंपनीने घरातच फुटला म्हणून झटकून टाकला असता.

आणि गाडीचा फोटो. नागपुरात निघालेल्या गाडीचा नंबर वेगळा, पुण्यात आलेल्या गाडीचा वेगळा.

नुकसान काय, आणि कशाने

त्या रात्री बाईंनी कंपनीला फोटो व्हॉट्सअॅप केले आणि तेच ईमेलनेही पाठवले. बिल्टीच्या मागे 'तक्रार २४ तासांत न केल्यास ग्राह्य धरली जाणार नाही' अशी अट बारीक अक्षरात होती. कायद्याने दिलेली मुदत अशा छापील अटीने आखडत नाही, पण चोवीस तासांत चार ओळी लिहून टाकल्या तर तो वादच उरत नाही.

टीव्हीचं खोकं उघडताना त्यांनी सलग, न तोडता व्हिडिओ घेतला: आधी बंद खोक्याच्या सहाही बाजू, मग टेप कापणं, मग पडदा. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. पडद्याच्या मधोमध एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. टीव्ही आडवा ठेवून त्यावर ओझं आलं की असं होतं. पडदा उभाच न्यावा लागतो आणि त्यासाठी लाकडी चौकट लागते. कोटेशनमधल्या ३२,००० मध्ये लाकडी चौकटीचे पैसेही धरले होते. प्रत्यक्षात टीव्ही फक्त बबल रॅप आणि पुठ्ठ्यात होता.

कपाट पार्टिकल बोर्डचं होतं. हा बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. पण फुगवटा होता तो फक्त तळापासून चार बोटं उंचीपर्यंत, चारही बाजूंनी सारखा. वर सगळं कोरडं. गादीवर एका लांब कडेने पाण्याची पिवळट रेघ आणि तिच्याखाली काळी बुरशी होती, म्हणजे ती त्या कडेवर उभी करून ठेवलेली होती. हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले की कळतं: सामान वरून पावसाने भिजलेलं नाही, ओल्या जमिनीवर उभं राहिलेलं आहे. पाऊस वरून आला असता तर कपाटाचा माथा आणि गादीची वरची बाजू आधी गेली असती. कंपनी पुढे 'पावसाळा होता, निसर्गापुढे काय करणार' असं म्हणणार हे उघड होतं. नैसर्गिक आपत्तीचा बचाव वाहतूकदाराला कायद्याने आहेच, पण गोदामाच्या फरशीवर साचलेलं पाणी त्यात बसत नाही. त्यासाठी खाली लाकडी फळ्या टाकायच्या असतात.

कोणते पर्याय होते

पोलिसांत जाण्याचा विचार झाला, गायब नगामुळे. तिथे 'हा दिवाणी मामला आहे' हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त होती. शिवाय हरवलेल्या नगावर पॅकिंग लिस्टमध्ये नुसतं 'किचन' लिहिलेलं होतं, आत काय होतं ते नाही. तो पर्याय सोडला.

विम्याचा पर्याय सगळ्यांनाच आधी सुचतो. ९,००० रुपये त्यासाठीच भरले होते. बाईंनी पॉलिसी मागितली. कंपनीने आपल्याच लेटरहेडवर छापलेलं 'रिस्क कव्हरेज सर्टिफिकेट' पाठवलं. त्यावर विमा कंपनीचं नाव नव्हतं, पॉलिसी क्रमांक नव्हता. अनेक मूव्हर्स ही रक्कम विमा म्हणून घेतात आणि स्वतःकडेच ठेवतात. ओळखायची खूण सोपी आहे: खरा विमा असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी किंवा सर्टिफिकेट क्रमांक मिळतो, आणि त्या कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून तो पडताळता येतो. मूव्हर्सची स्वतःची, सगळ्या खेपांना लागू होणारी खुली पॉलिसी असू शकते, पण तेव्हाही आपल्या सामानाचं सर्टिफिकेट विमा कंपनीकडूनच निघतं.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॉलिसी खरी निघाली असती तरी वाहतूक कंपनीला पत्र लिहिणं टळलं नसतं. पैसे चुकते केल्यावर विमा कंपनी ते वाहतूकदाराकडून वसूल करू पाहते, म्हणून ती दाव्यासोबत वाहतूकदारावर केलेल्या लेखी मागणीची प्रत मागते. आणि उशिराचं नुकसान अशा पॉलिसीत धरलेलं नसतं.

राहिलं पत्र, आणि ते फुकट गेलं तर ग्राहक आयोग. इथे कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ चं कलम १६ महत्त्वाचं आहे. माल हरवला किंवा त्याचं नुकसान झालं, तर वाहतूकदारावर दावा लावण्याआधी त्याला लेखी सूचना पोचलेली असावी लागते, आणि तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून. बिल्टी १ जूनची, म्हणजे २८ नोव्हेंबर. पण बुकिंगचे पैसे २८ मे रोजी दिलेले, म्हणून सुरक्षित हिशेब २४ नोव्हेंबरचा धरला. फोनवरची तक्रार ही लेखी सूचना नव्हे. 'बघतो मॅडम, वरिष्ठांशी बोलतो' म्हणत सहा महिने काढण्यात काही कंपन्या वाकबगार असतात. त्यामागचं कारण हे कलम.

दुसरा निर्णय: किती मागायचे

पत्राचा पहिला मसुदा बाईंनी स्वतः लिहिला होता. चार पानं, त्यात मुलाची परीक्षा, फोनवरची उद्धट उत्तरं, आणि शेवटी ३ लाखांची मागणी: जाहीर किंमत तीच होती ना. तो मसुदा पाठवला नाही, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय.

जाहीर किंमत ही वरची मर्यादा असते, मिळायची रक्कम नव्हे. नियमाप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत, पण जाहीर किमतीपेक्षा जास्त नाही. इथे दहापट म्हणजे ३,२०,००० आणि जाहीर किंमत ३ लाख, त्यामुळे खरं नुकसान मर्यादेच्या फार खाली होतं आणि तो वाद उद्भवलाच नाही. ज्यांनी भाडं कमी दिसावं किंवा विम्याचे पैसे वाचावेत म्हणून सामानाची किंमत ५०,००० लिहिलेली असते, त्यांना ही मर्यादा चांगलीच टोचते.

मग प्रत्येक वस्तूला एकच पट्टी लावली: दुरुस्तीचा लेखी अंदाज, किंवा खरेदी किमतीतून वर्षाला १० टक्के घसारा वजा जाता उरणारी रक्कम, यांतली जी कमी ती. १० टक्के हे कायद्याने ठरवलेलं नाही. पण पट्टी सगळ्यांना सारखी आणि पत्रात उघड लिहिलेली असली की समोरच्याला आकडा फुगवलेला म्हणता येत नाही. टीव्ही तीन वर्षांपूर्वी ३१,००० ला घेतलेला, घसारा जाऊन २१,७००. नवा पॅनल २२,५०० ला पडतो असं सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं, म्हणून २१,७०० धरले. फ्रिजचं दार आणि बिजागरी ४,८००. कपाटासाठी सुताराचा अंदाज ९,५००. गादी १४,००० ची, दोन वर्षं वापरलेली, ११,२००. नग १७ मधल्या मिक्सरचं बिल होतं, बाकी भांड्यांचं नव्हतं. सगळं मिळून ६,३००. उशिरापोटी फक्त भाड्याने आणलेल्या फ्रिज-गाद्यांचे ४,६००, कारण पावती तेवढीच होती. बाहेरच्या जेवणाचा खर्च झाला होता, पण पावत्या नव्हत्या, आणि माणूस घरी असला तरी जेवतोच.

'मानसिक त्रासाचे १ लाख' काढून टाकले. आयोगापुढे ते मागता येतं, पण पत्रात तो आकडा घातला की वाचणाऱ्याची नजर तिथेच अडकते आणि मोजून काढलेले आकडेही तसेच वाटू लागतात.

पत्र

८ जुलैला हे पत्र स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि बिल्टीवरच्या नागपूर शाखेच्या पत्त्यावर गेलं. त्याच दिवशी ईमेलही केला.

> प्रति,
> व्यवस्थापक, (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> विषय: बिल्टी क्र. (…), दि. १ जून: घरगुती सामानाचे नुकसान, एक नग न मिळणे व २० दिवस विलंब याबाबत नुकसानभरपाईची मागणी. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७, कलम १६ अन्वये सूचना.
>
> महोदय,
>
> १. आपल्या कोटेशननुसार माझे घरगुती सामान (३८ नग, जाहीर किंमत रु. ३,००,०००) स्वतंत्र गाडीने थेट नागपूरहून पुण्यास ५ ते ६ दिवसांत पोचवायचे होते. त्यापोटी मी रु. ४१,००० दिले आहेत. पावत्या सोबत जोडल्या आहेत.
>
> २. सामान १ जून रोजी ज्या गाडीत भरले गेले व २७ जून रोजी ज्या गाडीतून आले त्या वेगवेगळ्या आहेत. दोन्ही गाड्यांची छायाचित्रे जोडली आहेत (जोडपत्र ३ व ४). म्हणजे मला न कळवता सामान वाटेत उतरवून दुसऱ्या गाडीत भरण्यात आले. ते कोणत्या गोदामात व किती दिवस होते, ते कळवावे.
>
> ३. डिलिव्हरीच्या वेळी ३७ नग मिळाले. तसा शेरा आपल्या प्रतिनिधीसमोर डिलिव्हरी कॉपीवर लिहिला आहे (जोडपत्र ५).
>
> ४. कपाटाचा बोर्ड केवळ तळापासून सुमारे तीन इंच फुगलेला आहे व गादीवर एका कडेने पाण्याची रेघ आहे. हे नुकसान ओल्या जमिनीवर सामान ठेवल्याने झालेले आहे, पावसाने नव्हे (जोडपत्र ६ ते ९). टीव्हीसाठी लाकडी चौकटीचे पैसे घेऊनही ती वापरलेली नाही.
>
> ५. मागणी: टीव्ही रु. २१,७००, फ्रिज रु. ४,८००, कपाट रु. ९,५००; गादी रु. ११,२००, नग १७ रु. ६,३००, विलंबामुळे झालेला भाडेखर्च रु. ४,६००. एकूण रु. ५८,१००. दुरुस्तीचा अंदाज किंवा १० टक्के वार्षिक घसारा वजा जाता किंमत, यांतील कमी रक्कम धरली आहे. बिले व अंदाजपत्रके जोडली आहेत.
>
> ६. विम्यापोटी घेतलेल्या रु. ९,००० बाबत विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक सात दिवसांत कळवावा. तो न मिळाल्यास विमा काढलेला नाही असे समजून ही रक्कमही परत मिळावी.
>
> ७. नुकसान झालेल्या वस्तू आहेत तशा ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी पूर्वसूचना देऊन २० जुलैपर्यंत पाहणी करू शकतो.
>
> ८. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास मी पुणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. त्यात मानसिक त्रास व खर्चाची मागणी करण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.
>
> आपली,
> (सही)

पत्रात विशेषणं जवळजवळ नाहीत. आरोप आहेत ते कंपनीच्याच कागदांवर टेकलेले: तिचं कोटेशन, तिची बिल्टी, तिची डिलिव्हरी कॉपी. दुसऱ्या परिच्छेदातला गोदामाचा प्रश्न उत्तर मिळेल या आशेने घातलेला नाही. उत्तर दिलं तर 'थेट डिलिव्हरी'चं वचन मोडल्याची कबुली होते, न दिलं तर आयोगापुढे तेच बोट दाखवता येतं. सातव्या परिच्छेदाचं कारण वेगळं आहे: मोडकी वस्तू लोक कंटाळून भंगारात देतात, आणि मग 'आम्हाला पाहूच दिलं नाही' हा मुद्दा कंपनीच्या हाती लागतो.

पुढे काय झालं

पत्र १० जुलैला दोन्ही पत्त्यांवर पोचल्याचं ट्रॅकिंगमध्ये दिसलं. बाईंनी त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच ठेवला, कारण काही महिन्यांनी ती माहिती दिसेनाशी होते. पाहणीला कुणी आलं नाही. १८ तारखेला फोन आला: 'मॅडम, ट्रान्झिटमध्ये थोडंफार होतंच. बिल्टीवर मालकाच्या जोखमीवर असं लिहिलंय. तरी आम्ही ८,००० देतो, आज सही करा.' बाईंनी ते ईमेलवर लिहून पाठवायला सांगितलं. 'मालकाच्या जोखमीवर' या छापील शब्दांनी वाहतूकदाराची स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या कायद्याखालीही स्पष्ट केलं होतं. पण फोनवर कायदा शिकवत बसायचं नाही एवढं त्यांनी पाळलं.

मुदत संपल्यावर २६ जुलैला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते. उत्तर आलं: २५,००० रुपये, 'सद्भावनेपोटी'.

इथे तिसरा निर्णय होता. २५,००० घ्यायचे की आयोगात जायचं? बाईंनी मधला रस्ता काढला. आयोगाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा जोडपत्रांसह तयार केला आणि कंपनीला पाठवला, दहा दिवसांनी तो ई-जागृती पोर्टलवर दाखल होईल असं कळवून. बिल्टीवर 'नागपूर न्यायकक्षा' छापलेलं होतं, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे शुल्कही नव्हतं. कंपनीच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: पुण्याला तारखांना माणूस पाठवायचा, आणि विम्याच्या नावाने घेतलेल्या ९,००० चा खुलासा लेखी करायचा. दुसरी गोष्ट तिला जास्त जड जाणारी होती.

४५,००० वर तडजोड झाली: टीव्ही १५,०००, फ्रिज ४,८००, कपाट ९,५००, गादी ६,७००, विम्याचे ९,०००. नग १७ आणि उशिराचा खर्च कंपनीने मान्य केला नाही. कंपनीला आधी 'पूर्ण व अंतिम समझोता' यावर सही हवी होती, मग पैसे. बाईंनी त्यात एक वाक्य घालून घेतलं: 'रु. ४५,००० खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासूनच हा समझोता लागू होईल.' २१ ऑगस्टला पैसे जमा झाले.

वेगळं काय करता आलं असतं

हरवलेल्या नगाचे पैसे बुडाले ते पॅकिंगच्या दिवशीच. लिस्टमध्ये 'किचन' ऐवजी 'मिक्सर, ५ लिटर कुकर, स्टील डबे १२' असं असतं आणि खोकं बंद करण्याआधी आतला एक फोटो असता, तर ६,३०० नाकारणं कंपनीला अवघड गेलं असतं. सासऱ्यांसोबत आणखी कुणी असतं तर हे दहा मिनिटांचं काम होतं.

उशिराच्या खर्चाचं तसंच. ५ ते ६ दिवसांची मुदत कोटेशनवर होती, बिल्टीवर नव्हती. विलंबाच्या भरपाईत कायदा माल पाठवण्याच्या नोंदीत दोघांनी ठरवून लिहिलेल्या मुदतीकडे पाहतो. बिल्टी फाडताना तिच्यावर 'पोच ७ जूनपर्यंत' आणि 'थेट गाडी, वाटेत माल उतरवणार नाही' हे दोन शेरे लिहून घेतले असते, तर पाचव्या परिच्छेदातली शेवटची रक्कम इतकी सहज सुटली नसती.

विम्याचा घोळ पैसे भरण्याआधीच उघड झाला असता. ९,००० देण्यापूर्वी 'पॉलिसी कोणत्या कंपनीची, सर्टिफिकेट गाडी निघण्याआधी मिळेल का' एवढं विचारायला हवं होतं. टाळाटाळ झाली असती तर ती रक्कम वाचली असती आणि विमा कंपनीकडून थेट वाहतूक विमा मिळतो का हे पाहता आलं असतं.

तडजोड घ्यायला नको होती, असंही म्हणणारे आहेत. आयोगापुढे ५८,१०० आणि त्रासापोटी काही रक्कम मिळू शकली असती. पण टीव्हीवर १० टक्के घसारा मान्य झालाच असता असं नाही, आणि निकालानंतर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला असता तो वेगळाच. बाईंना पैसे बिल्टीच्या तारखेपासून ८१ दिवसांनी मिळाले. कलम १६ ची लेखी सूचना मुदतीच्या कितीतरी आधी, जुलैतच पोचली होती, म्हणून त्यांना घाईने ८,००० वर सही करावी लागली नाही.

कपाट सुताराने खालच्या फळ्या बदलून उभं केलं. त्याखाली आता प्लॅस्टिकचे चार पाय लावले आहेत, दीड-दीड इंचाचे.